एकाहत्तरावे चिन्ह

समजा, एका नगरपालिकेने नळदुरुस्तीच्या तक्रारींसाठी सोय केली आहे. नागरिकाने तक्रार पाठवली की यंत्रणा आपोआप उत्तर देते:

तुमची तक्रार क्र. 4821 नोंदवली आहे. दुरुस्ती उद्या सायं. 5 पर्यंत होईल.

ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर हे वाक्य अगदी छान दिसते. पण हे उत्तर कोणाच्या बटणांच्या फोनवर एसएमएस म्हणून जाणार आहे, कोणाच्या कुलूप लावलेल्या स्मार्टफोनवर वरच्या पट्टीत झळकणार आहे, कोणी ते ईमेलमध्ये उघडणार आहे, तर कमी दिसणारी एखादी व्यक्ती ते फोनकडून वाचून घेणार आहे. म्हणून सोय सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. डावीकडे ही सगळी ठिकाणे लिहावीत, वरच्या ओळीत यंत्रणा देऊ शकेल अशी उत्तरे लिहावीत आणि प्रत्येक चौकोन स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच भरावा. संगणकावरची फोनची नक्कल इथे पुरत नाही, कारण तिच्यात संगणकाचेच फॉन्ट असू शकतात. प्रत्यक्ष हँडसेट हवेत, आणि त्यांत किमान एक जुना, स्वस्त फोन हवाच. मी तर सुरुवात त्याच्यापासूनच करायला सांगेन, कारण जे तिथे टिकते ते सहसा सगळीकडे टिकते.

पहिली तपासणी लांबीची. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजी मजकुराला एका अक्षरामागे सात बिट पुरतात, म्हणून त्याची मर्यादा 160 अक्षरांची. पण मजकुरात देवनागरीचे एक जरी चिन्ह आले, तरी अख्खा संदेश प्रत्येक चिन्हाला दोन बाइट देणाऱ्या पद्धतीने जातो आणि मर्यादा 70 वर येते. यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, रिकामी जागा, पूर्णविराम हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘दुरुस्ती’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या हिशेबात तो आठ चिन्हांचा आहे.

आता वरचे उत्तर मोजा. बेरीज येते 71. एकच चिन्ह जास्त झाले, पण तेवढ्याने संदेशाचे दोन तुकडे पडतात आणि बिलही दोन संदेशांचे लागते. शिवाय तुकडे जोडण्याची माहिती प्रत्येक तुकड्यात सहा बाइट घेते, म्हणून एका तुकड्यात 67 चिन्हेच उरतात. मोजत गेलात तर 67वे चिन्ह ‘होईल’मधला ‘ह’ निघतो. बहुतेक फोन तुकडे बिनबोभाट जोडून दाखवतात. पण एखाद्या फोनने ते वेगवेगळे दाखवले, तर पहिला संदेश ‘पर्यंत ह’वर संपतो आणि दुसरा बिनधन्याच्या मात्रेने सुरू होतो; तिच्याखाली बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. शेवटचा पूर्णविराम काढला की 70 भरतात आणि काम निभावते. मात्र दहा हजारावी तक्रार येईपर्यंतच, कारण तिचा क्रमांक पाच आकडी असतो. म्हणून चाचणी 4821 वर न करता येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या क्रमांकावर करावी आणि मजकुरातच सैलपणा ठेवावा:

तक्रार 4821 नोंदवली. दुरुस्ती उद्या सायं. 5 पर्यंत.

ही 51 चिन्हे झाली. क्रमांकही पुढे सरकला, आणि याचा लगेच दुसरा फायदा होतो. कुलूप लावलेल्या स्क्रीनवर संदेशाच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. फोनमध्ये अक्षरे मोठी करून ठेवली असतील तर त्याहूनही कमी. तेव्हा अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवून पाहावे आणि तेवढ्या ओळीत क्रमांक आणि वेळ कळते का, एवढे तपासावे.

दुसरी तपासणी मोडक्या अक्षरांची. इथे काय बिघडले हे बिघाडाच्या रूपावरून ओळखता येते, आणि ते ओळखता आले की चुकीच्या माणसाच्या मागे लागण्याचे टळते. रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, त्या फोनच्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. ‘ॲ’च्या बाबतीत जुन्या फोनवर हे घडते, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ हे शब्द म्हणूनच चाचणीत मुद्दाम घालावेत. ओळभर प्रश्नचिन्हे दिसली, तर वाटेत एखाद्या टप्प्याला देवनागरी झेपली नाही आणि मजकूर तिथेच हरवला. तो फोनवर परत मिळवता येणार नाही. à¤¤ असे काही दिसले, तर बाइट सगळे पोचले आहेत, पण युटीएफ-8 मधला ‘त’ दुसऱ्याच पद्धतीने वाचला गेला. आणि काळ्या चौकटीतले � दिसले, तर कोणीतरी अक्षर मधोमध कापले आहे.

कापाकापी का होते? युटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आपले पहिले उत्तर त्या हिशेबाने 173 बाइटचे होते. जुन्या कोठ्यात 160 बाइटचीच जागा असेल, तर शेवटचे 13 बाइट, म्हणजे नेमका ‘होईल.’, गळून पडतो. अक्षर मोडत नाही, चौकोन दिसत नाही, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. म्हणून पडद्यावरचे उत्तर मूळ मजकुराशी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत ताडून पाहावे. छोट्या उत्तराला 123 बाइट लागतात, ते सुखरूप पोचते.

मराठीसाठी एक तपासणी मी कधीच सोडणार नाही. ‘दुसऱ्या पाळीत पाणी येईल’ असे उत्तर पाठवून पाहावे. यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकला जातो. एक प्रकार ‘ऱ’ला हलन्त जोडण्याचा, आणि दुसरा साध्या ‘र’ला हलन्त जोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्यात ‘दुसऱ्या’ची सात चिन्हे होतात, दुसऱ्यात आठ. मजकुरातला कचरा काढणारा प्रोग्राम ते अदृश्य चिन्ह कचरा समजून उडवतो आणि नागरिकाच्या हाती ‘दुसर्या’ पडतो. पहिला प्रकार सगळीकडे सक्तीचा केला की हा घोर मिटतो.

ईमेलचे थोडक्यात सांगतो. चित्रे बंद ठेवून आणि गडद पार्श्वभूमी लावून उत्तर वाचता येते का, ते पाहावे. पारदर्शक पार्श्वभूमीवरचे काळे बोधचिन्ह गडद पडद्यावर दिसेनासे होते. मजकूर चित्रात कोरलेला असेल, तर ज्यांच्यासाठी फोन वाचून दाखवतो त्यांना काहीच ऐकू येत नाही. अँड्रॉइडवर टॉकबॅक चालू करून, पडद्याकडे न पाहता उत्तर ऐकावे. ‘सायं.’ आणि ‘क्र.’ कानाला कळत नसतील, तर ईमेलमध्ये जागेची चणचण नाही, तिथे पूर्ण शब्द लिहावेत. संपर्काचा क्रमांक बोटाने दाबून पाहावा. देवनागरी अंकांतला नंबर काही फोनना दूरध्वनी क्रमांक म्हणून ओळखता येत नाही आणि कॉल लागत नाही.

या साऱ्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भारतात असे संदेश पाठवण्याआधी त्यांचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदवावा लागतो. बदलणाऱ्या मजकुराच्या जागी ठरावीक खूण लिहितात, बाकीचा मजकूर नोंदीशी तंतोतंत जुळावा लागतो, नाहीतर संदेश वाटेतच अडतो. नोंदणी आधी आणि फोनवरची चाचणी नंतर झाली, तर एक पूर्णविराम काढायचा असला तरी नमुना पुन्हा मंजुरीला पाठवावा लागतो. म्हणून हातातल्या फोनवर कागदाचे चौकोन भरून झाल्यावरच नमुना नोंदवावा. मंजुरी आली की मात्र तोच मजकूर, ज्या वाटेने तो नागरिकांना जाणार आहे त्याच वाटेने, त्या जुन्या फोनवर आणखी एकदा मागवावा.