वर जाणारी हवा किती थंड होते?

भूगोलाच्या पुस्तकात ‘दर किलोमीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरते’ असे वाक्य असते. कारण विचारले, तर ‘हवा जमिनीमुळे तापते आणि वर जमीन दूर जाते’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण त्यातून आकडा निघत नाही. कोरड्या हवेपुरता आकडा बारावीच्या भौतिकशास्त्रातून काढता येतो.

एक किलोग्रॅम हवेचा पुंजका वर चढतो आहे, अशी कल्पना करू. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने पुंजक्याची भोवतालशी उष्णतेची देवाणघेवाण नगण्य धरता येते. अशा बदलाला ॲडियाबॅटिक म्हणतात. वर दाब कमी, म्हणून पुंजका फुगतो. फुगताना तो भोवतालची हवा ढकलतो, म्हणजे कार्य करतो, आणि त्याची किंमत स्वतःच्या आंतरिक ऊर्जेतून मोजतो. पहिला नियम हेच सांगतो:

cv dT + p dV = 0

एक किलोग्रॅमसाठी pV = RT, म्हणून p dV + V dp = R dT. यातील p dV ची किंमत वर घालू. cv + R = cp आणि V = 1/ρ असल्याने

cp dT = dp/ρ

आता दाब उंचीनुसार किती घटतो ते हवे. भोवतालची हवा स्थिर आहे; तिच्या प्रत्येक थराचे वजन खालच्या-वरच्या दाबातील फरकाने पेललेले असते: dp = −ρg dz. हे वर घातले की ρ जाते आणि उरते

dT/dz = −g/cp

(पुंजक्याची व भोवतालची घनता तंतोतंत सारखी नसते, पण तापमानात दोन-तीन अंशांचा फरक असेल, तर चूक एक टक्क्याच्या आसपासच.)

g = ९.८, cp = १००५ जूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्व्हिन. उत्तर: किलोमीटरला सुमारे ९.८ अंश. कोणाचे उत्तर १३.६ आले, तर त्याने cp च्या जागी cv घातले असे खुशाल समजावे.

समजा, एप्रिलच्या दुपारी पुण्यात ३८ अंश तापमान आहे. सिंहगडाचा माथा शहरापेक्षा साधारण ७५० मीटर उंच आहे. तेवढी वर गेलेली कोरडी हवा ७.३ अंशांनी उतरून ३०.७ अंशांवर येईल. अशा दुपारी जमिनीलगतची हवा सतत खालीवर घुसळली जाते, म्हणून भोवतालच्या हवेचाही दर याच्या जवळपास येतो. हिवाळ्यातल्या पहाटे मात्र थंड हवा खोलगट भागात साचते आणि टेकडीच खालच्यापेक्षा उबदार असू शकते. भूगोलात हिला तापमानाची विपरीतता म्हणतात. सूत्र तेव्हाही खरेच असते. ते हलणाऱ्या पुंजक्याविषयी बोलते. उभ्या हवेत तापमापक काय दाखवील, हा प्रश्न वेगळा.

मग पुस्तकातले ६.५ कुठून आले? तो प्रत्यक्ष वातावरणाचा ठोकळ सरासरी दर आहे. चढत्या हवेतील बाष्पाचे ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि पुंजक्याचे थंड होणे मंदावते. तेथे dq = 0 म्हणूनही भागत नाही; सांद्रीभवनाचे पद समीकरणात वेगळे घ्यावे लागते.