कोटेशन संदीपचं, पाठपुरावा प्रियाचा

भोसरीत एअर कॉम्प्रेसर विकणारी पंचवीस-तीस माणसांची एक कंपनी आहे असं समजू. तिथला सेल्स इंजिनिअर, म्हणू या संदीप, महिनाअखेर नोकरी सोडतोय आणि त्याच्या जागी प्रिया येतेय. ज्यांच्याकडे मशीन बसलंय त्या गिऱ्हाइकांची फारशी चिंता नसते. त्यांचं एएमसी चालू असतं, सर्व्हिसवाला येत-जात असतो. खरा धोका असतो तो कोटेशन घेतलेल्या, दोनदा घासाघीस केलेल्या, पण पीओ अजून न काढलेल्या पार्ट्यांचा. त्यांचा कंपनीशी एका कागदाचाही व्यवहार झालेला नसतो. त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे संदीप, आणि तोच आता जाणार असतो.

अशीच एक पार्टी चाकणला आहे. तिला 50 एचपीचा, साधारण सव्वादोनशे सीएफएम हवा देणारा स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचाय. संदीप तीन वेळा साइटवर जाऊन आलाय. रात्रपाळीत हवेचा वापर निम्म्यावर येतो हे त्याने मीटर लावून बघितलं आणि म्हणून व्हीएफडी असलेलं मॉडेल सुचवलं. कोटेशन फाइलमध्ये आहे. मात्र फोनवर दिलेले दोन शब्द त्यात कुठेच नाहीत. पहिला, जुनं पिस्टन मशीन आम्ही बायबॅकमध्ये उचलू. दुसरा, दिवाळीच्या शटडाउनमध्ये मशीन बसवून देऊ. सीआरएममध्ये या पार्टीपुढे एवढंच लिहिलंय : ‘हॉट. फॉलो-अप सुरू.’

या नोंदीच्या भरवशावर प्रियाने फोन केला तर काय होईल? ती आपलं नाव सांगेल, कोटेशन मिळालं ना विचारेल, ‘एकदा भेटायला येऊ का’ म्हणेल. खरेदी अधिकाऱ्याच्या लक्षात येईल की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचंय. सगळं पहिल्यापासूनच सांगायचं असेल तर दुसऱ्या कंपनीला सांगितलेलं काय वाईट?

म्हणून ओळख करून देण्याचं काम संदीपच्या नोटीस पीरियडमध्येच सुरू व्हायला हवं. संदीप, प्रिया आणि मालक किंवा सेल्स हेड यांनी एकत्र बसून एकेक पार्टी काढायची. प्रत्येकीबद्दल प्रश्न थोडेच, पण नेमके : निर्णय कोणाच्या हातात आहे, आडवं कोण येतं, फोनवर शेवटचा भाव काय बोलला गेला, तोंडी काय कबूल केलं आणि गाडं नेमकं कुठे अडलंय. साइटचे फोटो, मीटरचे आकडे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं त्याच बैठकीत प्रियाकडे यायला हवं. फुल अँड फायनल झाल्यावर संदीप फोन उचलेलच असं नाही. त्याने का उचलावा, हाही प्रश्नच आहे. यादीत चाळीस नावं असली तरी एवढी मेहनत सात-आठ पार्ट्यांपुरतीच घ्यावी. बाकीच्यांना नीट लिहिलेली एक मेल पुरते.

तोंडी शब्दांचा निकाल पहिल्या फोनच्या आधी लागला पाहिजे, आणि तो मालकाने लावायचा. बायबॅक द्यायचा की नाही? दिवाळीच्या आत मशीन येईल का? जे जमणार नाही ते पहिल्याच बोलण्यात सांगून टाकावं आणि त्याच्या बदल्यात काय देता येईल तेही तेव्हाच सांगावं. ‘संदीप काय बोलले ते आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य मात्र कधीच तोंडून निघू नये. समोरच्याला शब्द कंपनीने दिलेला असतो.

ओळख कोणी करून द्यायची? संदीप गोडीने जात असेल तर त्यानेच. प्रियाला शेजारी बसवून, स्पीकरवर, पाच मिनिटांचा फोन : ‘साहेब, मी या महिन्याअखेर निघतोय. तुमचं काम आता प्रिया मॅडम बघतील. रात्रपाळीचे रीडिंग आणि बायबॅकचं सगळं त्यांना सांगितलंय.’ जुन्या माणसाने स्वतःच्या तोंडाने हात सोपवला की पुढचं निम्मं काम सोपं होतं. तो रागावून गेला असेल किंवा स्पर्धकाकडे चालला असेल तर फोन मालकाने करावा, तोही उशीर न करता, कारण संदीपचा फोन आधी पोचण्याची शक्यता बरीच असते. नेमणूकपत्रातल्या ‘दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ या कलमावर विसंबू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार धंदा-व्यवसायाला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही. कंपनीची गोपनीय माहिती पळवणं हा वेगळा विषय. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत चाकणची ऑर्डर थांबून राहणार नाही.

फोन झाला की त्याच दिवशी मेल जावी, आणि ती चाकणच्या पार्टीसाठीच लिहिलेली असावी. चाळीस जणांना बीसीसीत टाकलेलं ‘आमच्या टीममध्ये बदल झाला आहे’ हे पत्र म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली बातमी. त्याने उत्तर द्यावं असं त्यात काही नसतं. त्याऐवजी असं लिहावं :

‘संदीप यांनी आपल्याला दिलेलं 50 एचपीचं कोटेशन आता प्रिया बघतील. भाव आणि अटी त्याच राहतील. बायबॅकसाठी जुनं मशीन पाहायचं राहिलं होतं. प्रिया आणि आमचे सर्व्हिस इंजिनिअर गुरुवारी सकाळी येऊ शकतात. चालेल का?’

यात प्रियाच्या अनुभवाचं कौतुक नाही, आणि ते नसणंच बरं. संदीप का गेला, याला एका ओळीचं उत्तर ठरलेलं असावं आणि ते सगळ्यांनी सारखंच द्यावं. त्याला नावं ठेवली तर इतके दिवस त्याच्यावर विसंबलेला खरेदी अधिकारीही आपसूक वेड्यात निघतो.

गुरुवारी प्रियाने साइटवर स्वतः जावं. ‘मशीनचं बोलायला कोण येणार?’ असं विचारणारे मेंटेनन्सवाले अजून भेटतात. कॉम्प्रेसर रूममध्ये उभं राहून लोड-अनलोडचं बोलणं झालं की तो प्रश्न मिटतो. शिवाय मेंटेनन्स हेडची ओळख वेगळी करून घ्यावी लागते. खरेदी खातं भाव ठरवतं, पण कोणतं मशीन हवं हे बहुधा तोच ठरवतो, आणि संदीपची खरी दोस्ती त्याच्याशीच असते.

कोटेशनची मुदत संपलेली असेल तर नवं देताना जुनाच नंबर ठेवून त्यापुढे R2 लावावं. नवा नंबर आला की खरेदी खात्यात फाइल नवी होते आणि घासाघीस पुन्हा सुरू. ओळखीसोबत भाववाढ तर मुळीच नको.

बोलणी जिवंत आहेत की नाही हे ओळखायला थोडी नजर लागते. ‘मॅडम, फ्रेश कोटेशन पाठवा’ हे ऐकून प्रिया खूश होईल, पण बऱ्याचदा ऑर्डर दुसरीकडे ठरलेली असते आणि फाइलला तीन कोटेशनं लागतात म्हणून ती मागणी येते. याउलट मेंटेनन्स हेडने फाउंडेशनची मापं मागितली, पाइपलाइन कोण करणार विचारलं, तर काम पुढे सरकतंय. आणि काहीच उत्तर नसेल तर पार्टी अजून संदीपच्या खासगी नंबरवरच मेसेज टाकत नाही ना, हे आधी बघावं. सिम कंपनीच्या नावावर असेल तर ते प्रियाच्या हातात द्यावं. संदीपचा मेल आयडी काही महिने चालू ठेवावा, त्यावर आलेलं सगळं तिच्याकडे वळवावं.

पंधराएक दिवसांनी मालकाने चाकणला आणखी एक फोन करावा, प्रियाला बाजूला न बसवता. ‘बायबॅकचं झालं का? मॅडम वेळेवर आल्या होत्या का?’ एवढंच विचारावं. संदीपने आणखी काही कबूल केलं असेल तर ते बहुधा याच फोनवर बाहेर येतं.