निवडलेला शब्द ठळक दिसावा म्हणून

एखादा मुद्रितशोधक मॅकबुकवर कादंबरीची प्रत तपासतो आहे, असे समजा. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची कुठे गल्लत झाली आहे ते पाहायचे आहे. माउसने तो एकच अक्षर निवडतो, क्षणभर बाजूच्या टिपणाकडे बघतो आणि परत येतो तर ते अक्षर शोधावे लागते. पांढऱ्या कागदावरची ती फिकट निळी पट्टी संध्याकाळच्या थकलेल्या डोळ्यांना दिसतच नाही. अशा वेळी बहुतेक जण पडद्याचा उजेड वाढवतात. पण त्याने कागदही उजळतो आणि पट्टीही, त्यामुळे दोघांतला फरक होता तेवढाच राहतो.

मॅकमध्ये या तक्रारीवर चार वेगवेगळे उपाय आहेत, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. अॅक्सेंट रंग बटणे, चौकटीतल्या खुणा, मेन्यूतली निवडलेली ओळ आणि फाइंडरमध्ये निवडलेली फाइल रंगवतो. हायलाइट रंग फक्त निवडलेल्या मजकुरामागे येतो. पारदर्शकता कमी केली की मागचे चित्र विंडोतून झिरपणे थांबते, आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की बटणांच्या व चौकटींच्या कडा गडद होतात. मुद्रितशोधकाची अडचण हायलाइटची आहे. बाकीचे तीन उपाय कितीही केले तरी ती पूर्ण सुटणार नाही.

हायलाइटचा रंग बदलण्यासाठी अॅपल मेन्यूतून System Settings उघडून Appearance मध्ये जायचे. तिथे Highlight color असते. 2025 च्या मॅकओएस टाहोमध्ये त्याचे नाव Text highlight color आहे. व्हेंचुराच्या, म्हणजे 2022 च्या, आधीच्या मॅकवर हीच निवड System Preferences मधल्या General विभागात सापडते. यादीतले तयार रंग बहुतेक फिकट आहेत. खरी सोय यादीच्या शेवटी असलेल्या Other या पर्यायात आहे, कारण तिथे हवा तो रंग घेता येतो.

कोणता रंग घ्यावा, याचे उत्तर थोड्या गणितातून मिळते. दोन रंगांच्या उजळपणातला फरक वेबच्या सुगम्यता मानकांत गुणोत्तराने मोजतात. पांढऱ्यावर काळा म्हणजे 21 ला 1, हे टोक. वाचायच्या मजकुरासाठी किमान 4.5 आणि बटणांसारख्या खुणांसाठी किमान 3 असावे, अशी अपेक्षा असते. मॅकची नेहमीची फिकट निळी पट्टी लाल 179, हिरवा 215, निळा 255 अशा घटकांची आहे. तिच्यावर काळे अक्षर सुमारे 14 गुणोत्तराने उठून दिसते, पण पांढऱ्या कागदाच्या तुलनेत पट्टी स्वतः जेमतेम 1.5 वर असते. म्हणजे अक्षर उत्तम वाचता येते, पण ते निवडले आहे हेच कळत नाही.

या दोन गुणोत्तरांचा गुणाकार नेहमी 21 येतो. पट्टी गडद केली की कागदापासून ती वेगळी दिसते, पण तिच्यावरचे काळे अक्षर तेवढेच दबते. म्हणून मधला रंग शोधायचा. लाल 220, हिरवा 125, निळा 0 हा गडद नारिंगी घेतला, तर कागदाशी गुणोत्तर 3 आणि काळ्या अक्षराशी 7 येते. दोन्ही अटी पाळल्या जातात. अनुस्वाराचा ठिपका आणि रफार शाबूत राहतात, आणि एकाच अक्षराची अरुंद निवडही नजरेत भरते. मात्र हे गणित पांढऱ्या कागदाचे आणि काळ्या अक्षरांचे आहे. डार्क मोडमध्ये काम करणाऱ्याने रंग निवडल्यावर तिथेही पाहून घ्यावे. दुसऱ्या विंडोवर क्लिक केले की मागच्या विंडोतली निवड कोणताही रंग घेतला असला तरी करडी होते. तो बिघाड नव्हे. कोणती विंडो चालू आहे, हे त्यातून समजते.

अॅक्सेंट रंगाची गोष्ट वेगळी. मॅकवर कितीतरी वर्षे निळा आणि करडा ग्राफाइट एवढे दोनच पर्याय होते. 2018 च्या मोहावीने डार्क मोडबरोबर त्यांची संख्या आठ केली आणि 2020 च्या बिग सरने मल्टिकलर आणला. मल्टिकलर निवडला तर प्रत्येक अॅप आपापला रंग वापरते, उदाहरणार्थ नोट्स पिवळा. एक ठराविक रंग निवडला की मॅकचे नियम पाळणारी अॅप्स तोच घेतात. टाहोमध्ये ही निवड Theme या शीर्षकाखाली आहे. अॅक्सेंट बदलला की हायलाइटही त्याच्यामागून बदलू शकतो. त्यामुळे आधी अॅक्सेंट ठरवावा, मग हायलाइट. उलट क्रमाने केले तर मेहनतीने शोधलेला नारिंगी पुन्हा शोधावा लागेल. छायाचित्रांचे रंग जुळवणाऱ्यांना ग्राफाइट सोयीचा, कारण शेजारी भडक रंग असला की डोळा चित्रातला रंगही चुकीचा जोखतो.

पिवळ्याबद्दल मात्र सावध राहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर चमकदार पिवळ्याचे गुणोत्तरही 1.5 च्या आसपासच येते. ज्यांना साइडबारमधली बारीक चिन्हे आधीच कष्टाने दिसतात, त्यांनी तो टाळलेलाच बरा.

उरलेले दोन उपाय Accessibility मधल्या Display विभागात आहेत आणि दोन्ही 2014 च्या योसेमिटीपासून आहेत. त्या वर्षी मॅकचे रूप काचेसारखे झाले. साइडबार मागच्या वॉलपेपरचा रंग धूसर करून स्वतःत मिसळू लागला. दोष पारदर्शकतेचा आहे का, हे ओळखायला सोपी चाचणी आहे: वॉलपेपर क्षणभर सपाट पांढरा करायचा. त्याने साइडबार किंवा मेन्यूबार वाचणे सोपे झाले, तर Reduce transparency चालू करावे. टाहोच्या लिक्विड ग्लास रूपात ही तक्रार वाढली आहे. 26.1 या आवृत्तीत Appearance मध्ये Clear आणि Tinted असे दोन पर्याय आले. Tinted ने काच थोडी अपारदर्शक होते. तेवढ्यावर भागले तर पुढे जायची गरज नाही.

Increase contrast सर्वांत शेवटी वापरावे. ते चालू केले की Reduce transparency आपोआप चालू होते आणि वेगळे बंद करता येत नाही. मेन्यूंना, बटणांना, मजकुराच्या चौकटींना ठळक रेघा येतात. मोतीबिंदूने कडा विरघळलेल्या दिसणाऱ्या माणसाला त्या रेघांचा मोठा आधार होतो. धडधाकट डोळ्यांना मात्र दिवसभर इतक्या रेघा त्रासदायक वाटू शकतात. याच पानावर Display contrast ही सरकपट्टी आहे. ती संपूर्ण पडद्याचा कॉन्ट्रास्ट ताणते, छायाचित्रांचाही. छायाचित्रांवर काम करणाऱ्याने तिला हात लावू नये.

या सगळ्याला मर्यादा आहे. संकेतस्थळांचे रंग ती बनवणाऱ्यांच्या हातात असतात. फिकट करड्या अक्षरांतली बातमी Increase contrast लावल्यावरही बहुधा फिकटच राहते. सफारीत त्यावर रीडर दृश्य हा चांगला उतारा आहे. स्वतःची बटणे स्वतः रंगवणारी काही अॅप्स अॅक्सेंटही मानत नाहीत.

हे बदल त्या त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरते असतात. घरात एकच मॅक असेल तर आजी-आजोबांसाठी Users & Groups मधून वेगळे खाते उघडावे आणि त्यांना शेजारी बसवून, त्यांना काय दिसते ते विचारत एकेक बदल करावा.