शाळेची चिठ्ठी आणि पोटरीवरचे वळ

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रामवाडीच्या माझ्या दवाखान्यात एक आई आपल्या सातवीतल्या मुलाला घेऊन आली. तक्रार ‘पाय दुखतो’ एवढीच होती. पँट वर करून पाहिले तर दोन्ही पोटऱ्यांवर वेताचे वळ. वडील पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणीचे काम करतात. गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे रात्री बारापर्यंत काम चाले. अशा दिवसांत शाळेतून चिठ्ठी आली. मुलाने ती दप्तरातून थेट कारखान्यात नेऊन दिली आणि तिथल्याच एका माणसाने ती चार जणांसमक्ष मोठ्याने वाचली. रात्री वेत निघाला. दुसऱ्या दिवशी या मुलाने शाळेत ज्याच्यामुळे मार बसला त्या मुलाला गाठले आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त त्रास दिला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

आईच्या पर्समध्ये ती चिठ्ठी होती. मजकूर असा:

“आपला पाल्य वर्गातील दुबळ्या मुलांना त्रास देतो. त्याची वृत्ती आक्रमक आहे. घरातील वातावरणाचा त्याच्यावर परिणाम झालेला दिसतो. तरी आपण त्यास योग्य ती समज द्यावी, अन्यथा शाळेस कडक कारवाई करावी लागेल.”

चिठ्ठी शाळेच्या समुपदेशक बाईंनी लिहिलेली. बाई मनाने चांगल्या आहेत. वळांची हकिकत आईने त्यांनाही सांगितली, तेव्हा त्या कळवळून माझ्याकडे आल्या. “डॉक्टर, मी मारायला कुठे सांगितले होते?” त्या म्हणाल्या. सांगितले होते, असे मला वाटते. आपल्याकडे ‘समज द्या’ याचा घराघरांतला अर्थ कोणता, हे आपण सगळे जाणतो.

आम्ही दोघे ती चिठ्ठी घेऊन बसलो. डॉक्टरचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की अलिबागला किंवा मुंबईला रुग्ण पाठवताना मी तीस वर्षे चिठ्ठ्याच लिहीत आलो आहे. त्यात रुग्ण काय सांगतो, मला तपासून काय दिसले आणि मला कसली शंका वाटते, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. बाईंच्या चिठ्ठीत शंका तेवढी होती. काय पाहिले त्याचा पत्ता नव्हता.

पहिलेच वाक्य घ्या. ‘त्रास देतो’. मराठीत ‘देतो’ म्हटले की तो स्वभाव झाला, जसे ‘सूर्य पूर्वेला उगवतो’. ‘अमुक दिवशी डबा हिसकावला’ म्हटले की ती घडलेली एक गोष्ट राहते. बापाला आपल्या पोराच्या स्वभावावर बोट ठेवलेले सोसत नाही. घडलेल्या गोष्टीबद्दल मात्र तो निदान ‘कधी? कुठे?’ असे विचारतो. ‘आक्रमक वृत्ती’ हे तर निदानच झाले, आणि तेही चिठ्ठीतून. ‘घरातील वातावरण’ हा केवळ तर्क. तो खरा असला तरी समोरासमोर बसून हळूच विचारायचा, कागदावर लिहायचा नाही. कागद शेजारी वाचतात, हल्ली त्याचा फोटो निघून व्हॉट्सॲपवर फिरतो. ‘अन्यथा’ आला की पुढचे कोणी वाचत नाही, माणूस भांडणाच्या तयारीला लागतो.

बाईंनी तिथेच दुसरा मसुदा केला: “दोन मुलांमध्ये किरकोळ वाद होत आहेत, तरी आपण लक्ष द्यावे.” कोणालाच दोष नको म्हणून. पण हेही खरे नव्हते. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळांतल्या छळाचा आयुष्यभर अभ्यास केला; तिथे १९८३ साली देशभर मोहीम निघाली ती त्यांच्याच कामावर उभी होती. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला आणि बळ सारखे नसलेल्यांमधला. इथे एक मुलगा सातवीतला धिप्पाड, दुसरा पाचवीतला किरकोळ अंगाचा. याला ‘वाद’ म्हणणे हा त्या धाकट्यावर अन्याय, आणि असली चिठ्ठी वाचून थोरल्याच्या घरीही कोणी हालणार नाही. मुलाला शिक्का मारायचा नाही, पण कृत्य सौम्य करायचे नाही. इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ अडलो.

मग बाईंनी आपली वही उघडली. त्यात सगळे होते, चिठ्ठीत तेवढे उतरले नव्हते. तिसरा मसुदा असा झाला:

“स.न.वि.वि. २२ व २४ जुलै रोजी मधल्या सुट्टीत नळाजवळ आपल्या मुलाने पाचवीतल्या एका मुलाचा डबा हिसकावून घेऊन सांडला. हे दोन्ही वेळा वर्गशिक्षिकांनी पाहिले. २९ तारखेस त्याच मुलाची वही पाण्यात टाकली असे दोन विद्यार्थी सांगतात. शिक्षकांनी ते पाहिलेले नाही. तेव्हापासून तो मुलगा डबा आणत नाही. आपल्या मुलाशी मी बोलले. ‘तो मला आधी चिडवतो’ असे तो म्हणतो. याचीही मी चौकशी करीत आहे. डबा व वही यांबाबतचे हे प्रकार थांबायला हवेत. मधल्या सुट्टीत नळाजवळ एक शिक्षक उभे राहतील. आपण या कारणावरून मुलाला मारू नये ही विनंती. मारल्यास राग त्या लहान मुलावर निघतो. आपले म्हणणे मला ऐकायचे आहे. कारखान्याच्या वेळा पाहून आपणास सोयीचा दिवस कळवावा, मी सकाळी आठपासून शाळेत असते.”

‘पाल्य’ गेला, ‘आपला मुलगा’ आला. लहान मुलाचे नाव मुद्दामच घातले नाही. गावात ते संध्याकाळपर्यंत कळणारच, पण शाळेच्या सहीने कळू नये. कागद बंद पाकिटात, शिपायाबरोबर, वडिलांच्या हाती. मुलाच्या दप्तरातून नाही.

पाठवण्यापूर्वी मी बाईंना एक करायला सांगितले. हीच चिठ्ठी आपल्या स्वतःच्या मुलाबद्दल आली आहे असे समजून मोठ्याने वाचा आणि जो शब्द डोळ्यांनी दिसत नाही किंवा कानांनी ऐकू येत नाही त्याखाली रेघ मारा. पहिल्या चिठ्ठीत ‘दुबळ्या’, ‘वृत्ती’, ‘आक्रमक’, ‘वातावरण’ असे चार शब्द निघाले. तिसरीत एकही नाही.

धाकट्याच्या घरी जाणाऱ्या चिठ्ठीलाही हीच कसोटी लागते, हे सहसा लक्षात येत नाही. ‘आपला मुलगा इतरांत मिसळत नाही, फार हळवा आहे’ असे लिहिले की त्याच्या आईबापांना वाटते, दोष आमच्याच पोराचा. असली मुले माझ्याकडे सकाळच्या पोटदुखीने येतात. ती पोटदुखी रविवारी नसते.

मात्र सगळेच चिठ्ठीवर भागत नाही. मुलाला इजा झाली असेल, तो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर त्याच दिवशी पालकांना बोलावून घ्यावे. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे शाळेने आपसात मिटवू नये. मुलाला स्वतःला बोलायचे असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

आखणीवाले वडील चिठ्ठी मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले, बोटांना रंग तसाच. त्यांनी प्रथम हेच विचारले, की माझा पोरगा म्हणतो ते खरे आहे का. बाईंनी चौकशी केलेली होती, त्यामुळे उत्तर देता आले: वडिलांच्या रंगलेल्या हातांवरून धाकट्याच्या वर्गातली दोन मुले याला चिडवीत, धाकटा स्वतः नव्हे. राग निघत होता तो हाताशी सापडणाऱ्यावर. डबा सांडणे त्या आठवड्यात थांबले. धाकटा गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा डबा आणू लागला. चिडवणे मात्र अजून पुरते थांबलेले नाही, असे बाई म्हणतात. त्या दोन मुलांच्या घरी जायच्या चिठ्ठ्यांचे मसुदे सध्या माझ्या टेबलावर आहेत.