‘याची अचूकता किती?’ : हार्डवेअर प्रोजेक्टच्या व्हायवाची तयारी

मित्रहो, आज एकच प्रोजेक्ट घेऊन बोलू या, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना जुलै २०१८ आठवत असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं, लोकल बंद पडल्या, कित्येक भागांत वीज गेली. त्यामुळे इथल्या एखाद्या ग्रुपने शेवटच्या वर्षाला ‘नाल्यातल्या पाण्याची पातळी सांगणारं यंत्र’ केलं, तर कोणालाच नवल वाटणार नाही. आर्डुइनो उनो, एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एसएमएस पाठवायला जीएसएम मॉड्यूल आणि एक बझर. सेन्सर पुलाच्या कठड्याला उलटा लावायचा. तो खाली आवाज सोडतो, पाण्यावर आपटून आवाज परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून अंतर काढतो.

आता व्हायवा सुरू. इंटर्नल शेजारी बसलेत, एक्स्टर्नल ब्लॅक बुक चाळतायत. पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: “याची अचूकता किती?”

पोरं पटकन सांगतात, “सर, तीन मिलिमीटर.” हा आकडा सेन्सरच्या डेटाशीटवर असतो. म्हणजे तो बनवणाऱ्याचा आकडा झाला, तुमचा नाही. एक्स्टर्नल लगेच कोड दाखवायला सांगतात, आणि त्यात ही ओळ सापडते:

```
distance = duration * 0.034 / 2;
```

“हे ०.०३४ कुठून आलं?” इथे अर्धे ग्रुप गप्प होतात. ते आवाजाच्या वेगातून आलंय: सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ०.०३४ सेंटिमीटर. पण हवेतला आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. साधं सूत्र आहे: ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान. पावसाळ्यात आपल्याकडे २८ अंश धरा. वेग येतो सुमारे ३४८. आता पाणी सेन्सरपासून बरोबर २०० सेंटिमीटरवर आहे असं समजा. आवाज जाऊन-येऊन ४०० सेंटिमीटर चालतो, त्याला साधारण ११,४८४ मायक्रोसेकंद लागतात. याला ०.०१७ ने गुणा. उत्तर येतं १९५. म्हणजे तुमचं यंत्र पाणी पाच सेंटिमीटर जास्त चढलेलं दाखवतं. कुठे तीन मिलिमीटर आणि कुठे पाच सेंटिमीटर!

मग प्रामाणिक उत्तर काय? “सर, डेटाशीट तीन मिलिमीटर म्हणते. आम्ही मोजपट्टी लावून ५०, १००, १५० आणि २०० सेंटिमीटरवर प्रत्येकी दहा रीडिंग घेतली. अंतर वाढलं तशी चूक वाढत गेली, म्हणून आम्ही वेग २८ अंशांचा धरला. तरी तापमान चार अंशांनी इकडेतिकडे झालं, तर दोन मीटरवर दीड सेंटिमीटरच्या आसपास फरक राहतो. धोक्याची पातळी ठरवताना तो धरलाय.” या उत्तराला किती मार्क मिळतील ते मी सांगू शकत नाही. पण यानंतर त्या मुद्द्यावर विचारण्यासारखं फारसं उरत नाही. रीडिंगचा तक्ता मात्र खरोखर घेतलेला हवा, कारण पुढचं वाक्य असतं, “दाखव बघू घेऊन.”

दुसरा प्रश्न बऱ्याचदा तोंडाने विचारतच नाहीत. एक्स्टर्नल हात पुढे करतात आणि ‘एको’ पिनची वायर उपसतात. बझर कोकलायला लागतो! का? कारण आर्डुइनोचं `pulseIn()` ठरलेल्या वेळेत आवाज परत आला नाही की शून्य परत देतं. अंतर शून्य, म्हणजे पाणी सेन्सरला टेकलं, असं तुमचा कोड समजतो. वायर तुटणं आणि नाला भरणं यातला फरक यंत्राला कळत नाही. हे घरी स्वतः वायर काढून बघा. शून्य आलं तर ‘सेन्सर बंद’ असा वेगळा मेसेज जायला हवा, दोन-तीन ओळींचं काम आहे. वेळ उरला नसेल तर निदान आपणहून सांगा.

याच्याच जोडीला येतं: “सेन्सर पाणीच बघतोय कशावरून?” तो पाणी बघत नाही, ज्यावरून आवाज आधी परत येतो ती वस्तू बघतो. नाल्यावर प्लास्टिकचा किंवा जलपर्णीचा थर असेल तर अंतर त्या थराचं येतं. नाला अरुंद असेल तर आवाज भिंतीवरूनही परत येतो. “आमची चाचणी टाकीतल्या स्वच्छ पाण्यावर झाली, नाल्यावर नाही,” हे वाक्य म्हणायला लाजू नका. ते लपवलं आणि पुढच्या प्रश्नात उघडं पडलं, की मग सगळ्याच आकड्यांवर संशय येतो.

तिसरा प्रश्न खास आपल्या भागातला. “पाणी वाढलं ते पावसाने की भरतीने?” आपले बरेच नाले शेवटी खाडीला मिळतात. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त चढते. खाडीजवळच्या नाल्यात पावसाचा थेंब नसतानाही पाणी वर येतं, आणि यंत्र बिचारं एसएमएस पाठवत सुटतं. खरं उत्तर असं: “सर, आमचा सेन्सर फक्त पातळी सांगतो, कारण सांगत नाही. त्यासाठी पर्जन्यमापक आणि भरतीचं वेळापत्रक जोडावं लागेल. ते आम्ही केलेलं नाही.” एवढंच. ‘फ्युचर स्कोप’मध्ये उगाच ‘एआय वापरून भाकीत’ लिहिलंत, तर त्यावर पाच प्रश्न येतील.

शेवटचा प्रश्न: “पूर आला की लाइट जाते. मग?” “बॅटरी आहे, सर” हे अर्धं उत्तर झालं. हिशेब द्या. २,२०० मिलिॲम्पिअर-तासांचा एक लिथियम सेल, ३.७ व्होल्टचा, म्हणजे सुमारे ८ वॅट-तास. बूस्टरमध्ये थोडं वाया जाऊन हाती ७ येतात असं धरा. सर्किट पाच व्होल्टवर सरासरी १०० मिलिॲम्पिअर घेत असेल, तर तो खर्च झाला अर्धा वॅट. म्हणजे १४ तास. एक रात्र निघेल, पण पाणी दोन दिवस राहिलं तर नाही. हे १०० मिलिॲम्पिअर मल्टीमीटरने स्वतः मोजा. आणि जीएसएम मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन ॲम्पिअरपर्यंत ओढतं, हे विसरू नका. त्याला आर्डुइनोच्या पाच व्होल्ट पिनवरून वीज दिलीत तर ते ऐन वेळी रीस्टार्ट होतं. डेमोत मेसेज गेला नाही की पोरं ‘नेटवर्क नाही’ म्हणतात, पण पुष्कळदा दोष या वायरीचा असतो.

तर, घरी गेल्यावर ब्लॅक बुकचं ‘लिमिटेशन्स’चं पान उघडा. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: मर्यादा कोणती, ती आम्ही मोजली तर किती, आणि त्यावर काय केलं किंवा केलं नाही. ज्या ओळीपुढे आकडा लिहिता येत नाही, ती चाचणी व्हायवाच्या आधी करायची राहिलीय असं समजा. आता तुमचे प्रश्न घेऊ.