लिस्टला दोनाने गुणलं आणि वर्ग दुप्पट झाला

धाकटी डहाणूतल्या दहावीच्या एका वर्गाने भाषेची 80 गुणांची सराव परीक्षा दिली, असं धरू. बोर्डाच्या परीक्षेत भाषेचा लेखी पेपर 80 गुणांचा असतो आणि उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. इथे फक्त लेखीचे गुण हातात आहेत आणि बाईंना दोनच गोष्टी हव्या आहेत: वर्गाची सरासरी, आणि प्रत्येकाचे गुण 100 पैकी करून. आकडेमोड डोळ्यांसमोर राहावी म्हणून आठच मुलांचे गुण घेतले आहेत. आकडे मनचे आहेत, पण ते ज्या चुका उघड्या पाडतात त्या कुठल्याही शाळेत घडू शकतात.

```python
import numpy as np
gun = [61, 48, 72, 50, 26, 66, 39, 46]
a = np.array(gun)
```

`gun` ही पायथनची साधी लिस्ट आणि `a` हा नमपायचा ॲरे. पडद्यावर छापले तर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. फरक काय तो स्वल्पविरामांचा. त्यामुळे दोन्ही एकच आहेत आणि ॲरे तेवढा जास्त वेगवान आहे, असा समज होतो. पुढचे बहुतेक गैरसमज त्यातूनच निघतात.

गैरसमज: लूप न लिहिता सरासरी काढायची तर नमपाय लागतंच.

लागत नाही. `sum(gun) / len(gun)` लिहिलं की 51.0 मिळतात. बेरीज 408, मुलं 8. यात तुम्ही लूप लिहिलेला नाही, आणि `sum` च्या पोटात जो फिरतो तो सी भाषेत आधीच तयार करून ठेवलेला आहे. `a.mean()` सुद्धा 51.0 च देतं, आणि `np.mean(gun)` ला थेट लिस्ट दिली तरी चालतं, कारण ते आधी गुपचूप तिचा ॲरे करून घेतं. नुसत्या सरासरीसाठी नमपाय बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण त्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

अडतं ते पुढच्या कामाला. 80 पैकीचे गुण 100 पैकी करायचे म्हणजे प्रत्येक गुणाला 1.25 ने गुणायचं. ॲरेला हे सरळ सांगता येतं:

```python
print(a * 1.25)
# [76.25 60.   90.   62.5  32.5  82.5  48.75 57.5 ]
```

लिस्टला हेच सांगितलं तर `TypeError` येतो. लिस्टच्या लेखी गुणाकार म्हणजे "इतक्या वेळा पुन्हा मांड", आणि सव्वा वेळा मांडणं तिला जमत नाही. लिस्टवर काम करायचं तर `[g * 1.25 for g in gun]` असं लिहावं लागतं. ते एका ओळीत मावतं, पण तो लूपच आहे आणि पायथन तो एकेक गुण हातात घेऊन चालवतो.

गैरसमज: चूक झाली तर संगणक सांगेलच.

सव्वाच्या बाबतीत सांगितलं, कारण सव्वा पूर्णांक नाही. आता बीजगणिताचा पेपर घ्या. तो 40 गुणांचा असतो. तीन मुलांचे गुण 80 वर न्यायचे म्हणून कुणी दोनाने गुणले:

```python
b = [31, 24, 35]
b = b * 2
print(b)                # [31, 24, 35, 31, 24, 35]
print(sum(b) / len(b))  # 30.0
```

त्रुटी आली नाही. गुण तेवढेच राहिले आणि मुलं तिनाची सहा झाली. खरी गंमत सरासरीत आहे. ती आधी 30 होती, आत्ताही 30 च आहे, कारण बेरीज आणि संख्या दोन्ही दुप्पट झाल्या. यायला हवे होते 60. पडद्यावर फक्त सरासरी छापली असेल तर ही चूक कुणालाच दिसणार नाही. उलट "वर्गाची तयारी कच्ची आहे" असा निष्कर्ष निघेल. ओळखण्याची खूण एकच: आकडेमोडीच्या आधी आणि नंतर `len` पाहा. पटसंख्या बदलली असेल तर गुण बदललेले नाहीत.

बेरजेतही हाच प्रकार. एक प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला म्हणून सगळ्यांना 5 गुण वाढवायचे आहेत. ॲरेवर `+ 5` लिहिलं की प्रत्येकाला 5 मिळतात. लिस्टवर `+ 5` चालत नाही, म्हणून कुणी `+ [5]` करून पाहतो, आणि ते चालतं! मूळच्या तिघांत 5 गुण मिळवलेला चौथा विद्यार्थी येऊन बसतो आणि सरासरी 23.75 वर घसरते.

गैरसमज: गैरहजर मुलाच्या जागी काहीही लिहा, ॲरे समजून घेईल.

कागदाच्या गुणपत्रकात गैरहजर मुलापुढे तसा शेरा असतो आणि तो लिस्टमध्ये जसाच्या तसा मावतो, कारण लिस्टला आकडे आणि मजकूर शेजारी शेजारी चालतात. ॲरेला चालत नाहीत. त्याच्या सगळ्या खणांचा प्रकार एकच असावा लागतो, आणि एका खणात मजकूर आला की तो उरलेल्या सगळ्यांचाही मजकूर करून टाकतो:

```python
c = np.array([61, 48, 'गैरहजर'])
print(c)        # ['61' '48' 'गैरहजर']
print(c.dtype)  # <U21
```

आता 61 हा आकडा राहिला नाही. ती सहा आणि एक अशी दोन अक्षरं आहेत. यावर सव्वा लावायला गेलात की त्रुटी येते, पण तिचा संदेश "गुणाकार जमत नाही" एवढाच असतो. तिसऱ्या मुलाबद्दल त्यात अवाक्षर नसतं. म्हणून ॲरे केल्याबरोबर `dtype` पाहायची सवय बरी. तिथे `int64` किंवा `float64` हवं. `<U` दिसलं की समजा, कुठेतरी अक्षर शिरलं आहे.

मग गैरहजरच्या जागी 0 लिहावा का? आपल्या आठांत एक गैरहजर मूल घालून 0 दिला तर सरासरी 51 वरून 45.33 होते. जे मूल परीक्षेला बसलंच नाही त्याने बसलेल्यांची सरासरी पाडली. नमपायमध्ये रिकाम्या जागेसाठी `np.nan` आहे. ते घालून केलेल्या नऊ जणांच्या ॲरेला `d` म्हणू. तो सगळाच दशांशाचा होतो, आणि त्याला हरकत नाही. पण साधं `mean` आता `nan` देतं, म्हणून `np.nanmean` वापरायचं. ते गैरहजर सोडून 51.0 देतं. सव्वाचा गुणाकारही सुरळीत होतो आणि `nan` चा `nan` राहतो.

यात एक खाच आहे. `nan` कशाहून लहान, मोठं किंवा कशाच्या बरोबरीचं आहे का असं विचारलं, तर उत्तर नेहमी "नाही" येतं. 80 पैकी 28 म्हणजे 35 टक्के. तेवढे किंवा जास्त गुण मिळवलेले मोजायला `(d >= 28).sum()` बरोबर आहे. मात्र एकूण पटातून ही संख्या वजा करून नापास मोजलेत, तर गैरहजर मूल नापासांत जातं. नापास वेगळे मोजावेत: `(d < 28).sum()`.

गैरसमज: अर्धा गुण नेहमी वर जातो.

शाळेत आपण शिकलो ते तसंच: साडेबासष्टचे त्रेसष्ट. नमपाय तसं करत नाही.

```python
print(np.round(a * 1.25))
# [76. 60. 90. 62. 32. 82. 49. 58.]
```

62.5 चे 62 झाले आणि 57.5 चे मात्र 58. बरोबर अर्धा असेल तेव्हा `np.round` जवळच्या सम संख्येकडे जातं. पायथनचं स्वतःचं `round` देखील तसंच. हा बिघाड नाही, जाणूनबुजून केलेली सोय आहे: मोठ्या आकडेमोडीत सगळे अर्धे वर ढकलले तर बेरीज फुगत जाते. पण गुणपत्रक वेगळं. तिथे 46 गुणांच्या मुलाला अर्धा गुण मिळाला आणि 50 वाल्याचा अर्धा कापला गेला, हे पालकांना समजावून सांगून पाहा. सव्वाच्या पटीत तर हे सारखं घडतं: 2, 6, 10, 14 अशा दर चौथ्या गुणाला बरोबर अर्धा उरतो. आपल्या आठ मुलांपैकी चौघांना अर्धा आला, आणि त्यातले तिघे खाली गेले.

शाळेचा नियम हवा असेल तर दशांशात न शिरता पूर्णांकांतच काम उरकता येतं:

```python
print((a * 100 + 40) // 80)
# [76 60 90 63 33 83 49 58]
```

`//` हा भागाकार बाकी टाकून देतो. त्याआधी 80 चे निम्मे, म्हणजे 40, मिळवले की अर्धा आपोआप वर जातो. या गुणांची सरासरी 64.0 येते, `np.round` वाल्यांची 63.625, आणि अजिबात पूर्णांक न केलेल्यांची 63.75. नुसती सरासरी 100 वर न्यायची असेल तर 51 ला सव्वाने गुणलं तरी 63.75 मिळतात, ॲरेला हात लावायचंही कारण नाही. पूर्णांक केल्यानंतर मात्र हे समीकरण जुळत नाही, म्हणून सरासरी आधी काढावी आणि पूर्णांक शेवटी करावेत.

आणखी एक सापळा याच वाटेवर आहे. `a *= 1.25` लिहिलं तर नमपाय त्रुटी देतं, कारण `a` पूर्णांकांचा आहे आणि दशांश त्यात बसत नाहीत. इथवर ठीक. पण `a[:] = a * 1.25` लिहिलं तर ते बिनबोभाट अपूर्णांक छाटून टाकतं आणि 48.75 चे थेट 48 होतात. नवीन गुण नव्या नावाने ठेवावेत, `shambhar = a * 1.25` असे.

गैरसमज: ॲरे नेहमीच वेगवान आणि जागेला हलका.

आठ मुलांसाठी `sum(gun) / len(gun)` हे `np.mean(gun)` पेक्षा वेगवान आहे, आणि तेही काही पटींनी. नमपायला लिस्टचा ॲरे करावा लागतो, प्रकार ठरवावा लागतो, मग कुठे बेरीज सुरू होते. एका वर्गापुरता हा वेळ माणसाला जाणवणारही नाही. डहाणू-तलासरीतल्या सगळ्या शाळांचे गुण एकत्र आले, किंवा राज्यभरातले दहावीचे लाखो विद्यार्थी घेतले, की ॲरेचा फायदा दिसू लागतो: प्रकार एकदाच तपासला जातो आणि आकडे सलग मांडलेले असल्यामुळे सी भाषेतला लूप अडखळत नाही.

जागेबद्दल ऐकलेलं तर गुणांच्या बाबतीत सरसकट खरंच नाही. नेहमीच्या पायथनमध्ये −5 ते 256 हे पूर्णांक एकदाच तयार करून ठेवलेले असतात. लिस्टमधला प्रत्येक गुण त्या ठेवलेल्या आकड्याचा नुसता पत्ता असतो, आणि पत्त्याला 8 बाइट लागतात. `int64` ॲरेलाही दर गुणामागे 8 बाइटच लागतात. फरक पडतो तो सव्वाने गुणल्यावर. लिस्टमधला प्रत्येक 62.5 ही 24 बाइटची स्वतंत्र वस्तू होते, वर पत्त्याचे 8. ॲरे मात्र 8 वरच राहतो.