ओरखडा वाटून घेण्याची युक्ती

गाण्याची सीडी कारखान्यातून कोरी करकरीत बाहेर पडते, तेव्हाही ती निर्दोष नसते. प्लेअर सेकंदाला 7,350 फ्रेम वाचतो. फ्रेम म्हणजे गाण्याचा इवलासा तुकडा. फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलेल्या नियमांनुसार यातल्या सरासरी 220 फ्रेमपर्यंत चुका निघाल्या, तरी ती सीडी पास होते. म्हणजे शंभरातल्या तीन फ्रेम सदोष, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही! 1982 साली सीडी बाजारात आली ती चुका टाळण्याच्या भरवशावर नव्हे, तर चुका होणारच हे धरून चालणाऱ्या गणितावर.

हे गणित अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकनांचे. ते त्यांनी 1960 मध्ये मांडले. त्याचा गाभा चार आकड्यांत पाहता येतो. समजा, 5 आणि 8 हे दोन आकडे पाठवायचे आहेत. दोघांत तीनचा फरक, म्हणून तीच चढण पुढे नेऊन 11 आणि 14 हे दोन जादा आकडे जोडले. आता 5, 8, 11, 14 असे चार आकडे निघाले आणि वाटेत मधले दोन पुसले गेले. हाती उरले पहिला 5 आणि चौथा 14. तीन पायऱ्यांत नऊची चढ, म्हणजे पायरीला तीन; पुसलेले आकडे 8 आणि 11 असणार हे उघड आहे.

पण आकडा पुसला न जाता बदलला तर? 5, 8, 12, 14 असे हाती आले, तर तीन आकडे एका रेषेत बसतात आणि 12 बाहेर पडतो, चोर सापडला. मात्र दोन आकडे असे गुपचूप बदलले, तर कोणते खरे आणि कोणते खोटे हे सांगता येत नाही. दोन जादा आकडे दोन पुसलेल्या जागा भरून काढतात, पण छुपी चूक एकच पकडतात. चूक कुठे आहे हे आधी ठाऊक असेल, तर दुरुस्तीची ताकद दुप्पट होते. सीडीची सगळी रचना या एका फरकावर उभी आहे. प्रत्यक्षात तिथे साध्या रेषेऐवजी बहुपदी असतात आणि उत्तर 0 ते 255 यांच्यातच राहील, म्हणजे एका बाइटमध्ये मावेल, अशी खास बेरीज-गुणाकाराची पद्धत असते, तत्त्व तेच.

अडचण अशी, की ओरखडा इकडे एक, तिकडे एक अशा चुका करत नाही. तो सलग शेकडो बाइट खातो. चार जादा बाइटांच्या जिवावर एवढे खिंडार बुजणार नाही. तिथे कामाला येते इंटरलीव्हिंग, सोप्या भाषेत ठरवून केलेली सरमिसळ. कककक खखखख गगगग घघघघ असे चार गट ओळीने न लिहिता कखगघ कखगघ कखगघ कखगघ असे लिहायचे. आता सलग चार अक्षरे कुठूनही खरवडली, तरी प्रत्येक गटाचे एकच अक्षर जाते. नुकसान तेवढेच, पण ते चौघांत वाटले गेले.

सीडीवर ही वाटणी कशी होते, ते पाहू. गाण्याचे 24 बाइट घेऊन त्यांना चार जादा बाइट जोडतात. झाला 28 चा गट. मग या गटातला पहिला बाइट लगेच लिहायचा, दुसरा चार फ्रेम थांबून, तिसरा आठ फ्रेम थांबून, असे करत शेवटचा 108 फ्रेमनंतर. एक गट अशा रीतीने सीडीवर जवळपास दोन सेंटीमीटर लांब पसरतो. सरमिसळ झाल्यावर तयार होणाऱ्या प्रत्येक फ्रेमला आणखी चार बाइटांचे दुसरे कवच चढते.

वाचताना क्रम उलटा. समजा, मार्गावर अडीच मिलिमीटरचा ओरखडा आहे. त्यात साधारण 15 फ्रेम सापडतात. बाहेरचे कवच प्रत्येक फ्रेम तपासते. तुरळक चूक असेल तर तिथेच सुधारते. इथे मात्र चुका आवाक्याबाहेरच्या असल्याने ते हात टेकते आणि त्या फ्रेमच्या सगळ्या बाइटांवर ‘भरवसा नाही’ अशी खूण करते. दुरुस्ती झाली नाही, पण बहुमोल माहिती मिळाली: चूक कुठे आहे ती. मग बाइट आपापल्या मूळ गटांत परततात. चार फ्रेमच्या अंतरामुळे 15 फ्रेमच्या खिंडारात कुठल्याही गटाचे जास्तीत जास्त चारच बाइट अडकलेले असतात, आणि चारही खुणेसकट. चार जादा बाइट ते तंतोतंत भरून काढतात. सुमारे दोन मिलिसेकंदांचे गाणे नाहीसे होऊनही एक स्वर हलत नाही.

ओरखडा याहून लांब असेल, तर गटातल्या पाचव्या बाइटवर खूण पडते आणि गणित थांबते. मग प्लेअर अंदाजाने काम भागवतो. सम आणि विषम क्रमांकांचे ध्वनिनमुने मुद्दाम दूर ठेवलेले असतात; गेलेल्या नमुन्याच्या जागी शेजारच्या दोघांची सरासरी घातली जाते. तेही जमले नाही, तर क्षणभर आवाज बंद. संगणकाच्या सीडीत ही सवलत नाही, कारण हिशेबाच्या फाइलमध्ये सरासरीचा आकडा चालत नाही. म्हणून तिथे दुरुस्तीचा आणखी एक थर असतो.

सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल पुसू नका, या सूचनेचे मूळही यातच आहे. मध्यापासून कडेपर्यंतचा बारीक ओरखडा दिसायला भयंकर, पण तो प्रत्येक वेढ्याला निसटता छेदून जातो. वेढा निदान 15 सेंटीमीटरचा, गटाची लांबी दोन सेंटीमीटर. एकाच गटाला दोनदा फटका बसत नाही. मार्गाच्या दिशेने गेलेला जेमतेम चार मिलिमीटरचा ओरखडा त्याहून घातक ठरतो. आणि सर्वांत वाईट तो नाव छापलेल्या बाजूचा. चकाकणारा थर त्या बाजूला पातळ लेपाखालीच असतो. तोच निघाला, तर वाचायला काही उरत नाही.

डिशवरून टीव्ही दाखवणाऱ्या, 1990च्या दशकात ठरलेल्या डीव्हीबी-एस पद्धतीतही हीच जोडी आहे. तिथे 188 बाइटांच्या पॅकेटला 16 जादा बाइट लागतात आणि आठ छुप्या चुकांची दुरुस्ती होते. ओरखडे नसले, तरी सलग चुका तिथेही असतात. उपग्रहाचा क्षीण संदेश ओळखणारा आतला डिकोडर एकदा चुकला, की थोडा वेळ चुकतच जातो. म्हणून 12 पॅकेटांची सरमिसळ केलेली असते. सलग 12 बाइटांत एका पॅकेटचा एकच बाइट येतो, त्यामुळे सलग 96 बाइट बिघडले तरी प्रत्येक पॅकेटच्या वाट्याला आठच येतात.

96 बाइट म्हणजे वेळेच्या हिशेबात सेकंदाचा काही लक्षांशांइतका भाग. मुसळधार सर मात्र मिनिटांची असते. जुलैत ढग दाटून येतात, चित्रात आधी चौकोन दिसू लागतात आणि मग ‘सिग्नल नाही’ अशी पाटी झळकते, तेव्हा सगळीच पॅकेटे एकदम बुडालेली असतात. नुकसान वाटून घ्यायला शाबूत शेजारी उरत नाही. सरमिसळ काही मिनिटांवर पसरली तर तत्त्वतः सर निभावेल, पण मग प्रत्येक चॅनेल बदलल्यावर पहिले चित्र यायला तेवढीच मिनिटे थांबावे लागेल.